लगतधारक

कंपाउंड घालायचं म्हटल्यावर गवंडी म्हणाला, आधी मोजणी करून घ्या, नंतर चिरे हलवायला मी येणार नाही. इथून सगळं सुरू झालं.

अर्ज ऑनलाइन झाला. मोजणीचा प्रकार 'हद्द कायम', ताजा सातबारा जोडला, चलन भरलं. द्रुतगतीचे पैसे जास्त म्हणून नियमित मोजणी घेतली (बाबांच्या मते एवढी वर्षं गडगा पळून गेला नाही, अजून तीन महिने कुठे जाणार). मग आला तो कॉलम, लगतधारकांची नावं आणि पत्ते. म्हणजे ज्यांची जमीन आपल्या जमिनीला लागून आहे ते सगळे. मला वाटलं सोपं आहे, चार दिशा, चार माणसं.

पूर्वेच्या हिश्श्याचा सातबारा काढला तर त्यावर सतरा नावं. त्यातल्या पाच जणांच्या तेराव्याला मी स्वतः जेवलोय! वारस नोंद कोणी केलेली नाही, आणि जे हयात आहेत ते डोंबिवली नाहीतर विरारला. पत्ते गोळा करायला फोन लावले तर प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "विकतोयस काय?" शेवटी ज्यांचा पत्ता मिळेना त्यांचा गावचाच टाकला. त्यातल्या एका आजोबांची नोटीस 'मयत' असा शेरा घेऊन परत गेली असं पोस्टमननेच सांगितलं, तेवढी एकच नोटीस भांडण न करता गेली.

बाकीच्यांचं विचारू नका. पश्चिमेला आप्पा राहतात, आमच्या पडवीतून हाक मारली तर त्यांच्या खळ्यात ऐकू जाते. त्यांना मी आधी तोंडी सांगायला हवं होतं, ही चूक माझीच. कारण मोजणीच्या 15 दिवस आधी त्यांच्या हातात सरकारी पाकीट पडलं आणि त्यांनी आयुष्यात बघितलेली नोटीस म्हणजे कोर्टाची. संध्याकाळी गडग्यापलीकडून आवाज आला, "माझ्यावर केस केलीस काय रे?" मी सांगतोय, आप्पा, ती केस नाही, अमुक तारखेला मोजणी आहे, तुम्ही हजर राहून तुमची वहिवाट दाखवा एवढंच लिहिलंय, नाही आलात तरी मोजणी होणार. हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडून येणारं शेवग्याच्या शेंगांचं वाण बंद.

मोजणीच्या दिवशी मात्र एवढी माणसं की आईने दोनदा चहा टाकला. मुंबईकर रातराणीने उतरून थेट बांधावर. भूकरमापक आले ते रोव्हर घेऊन, उंच दांडा आणि वर टोपीसारखं यंत्र. मजूर, चुना आणि खुणेचे दगड आपणच द्यायचे असतात, ते मी तयार ठेवले होते. आप्पा कुठे उभे, तर गडग्यावर. अक्षरशः वर चढून. त्यांना वाटलं साहेब आत्ता बोट दाखवून सांगणार, हा चोर. पण त्या दिवशी नुसती वहिवाट मोजली, गडगा, विहीर, घराचे कोपरे, गावच्या सीमेचा जुना दगड, आणि सगळ्यांचे जबाब घेऊन साहेब निघाले. हे सगळं जुन्या मोजणीच्या टिपणाशी आणि फाळणीच्या नकाशाशी जुळवायचं, मग हद्द दाखवायला परत यायचं. मुंबईकरांची रजा फुकट.

दुसऱ्या फेरीत चुन्याची रेघ पडली. आप्पांचा गडगा आमच्यात पाच फूट आत! लांबी एकशेवीस फूट, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्तच. मी मनात पेढे वाटायला लागलो, तेवढ्यात साहेब पूर्वेच्या बाजूला गेले आणि तिथे आमचा गडगा त्या सतरा नावांच्या जमिनीत जवळपास तेवढाच. आमच्या क्षेत्रात फारसा फरकच नाही. कुठल्या तरी पिढीत कोणीतरी पश्चिमेचा बांध सरकवला आणि मग रांगेतल्या सगळ्यांनी आपापलं शेजाऱ्याकडून वसूल केलं.

आप्पांनी हरकत लिहून दिली. साहेबांनी शांतपणे घेतली आणि समजावलं की मान्य नसेल तर निमताना मोजणीचा अर्ज करा, वरिष्ठ येऊन पुन्हा तपासतील. मला वेगळं सांगितलं, नकाशाची 'क' प्रत मिळेल, त्यात अतिक्रमण दिसेल, पण ताबा देणं आमचं काम नाही, त्याला कोर्टात जावं लागतं. म्हणजे पाच फूट माझे आहेत, फक्त ते आप्पांकडे आहेत.

कंपाउंड अजून झालेलं नाही. परवा दुपारी जेवायला बसलो होतो तर पोस्टमन आला, रजिस्टर पाकीट. पूर्वेच्या मंडळींनी मोजणी लावलीय आणि लगतधारक म्हणून माझं नाव. हात न धुताच विरारला फोन लावला, म्हटलं आधी एक शब्द तोंडी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?