जाळीऐवजी फायबर: घनमीटरला किती?

“घनमीटरला 900 ग्रॅम फायबर टाकलं की जमिनीवरच्या स्लॅबला स्टीलची जाळी लागत नाही.”

नाही. 900 ग्रॅम हा केसासारख्या बारीक पॉलिप्रॉपिलिन फायबरचा डोस. ओलं काँक्रीट पहिल्या काही तासांत सुकताना पडणाऱ्या बारीक भेगा तो कमी करतो. जाळीचं काम त्याचं नाही. त्यासाठी स्टील फायबर, तेही साधारण 20 ते 40 किलो. नेमका आकडा रॅक, फोर्कलिफ्टचा भार आणि खालची जमीन पाहून डिझायनरच देतो.

समजा गोदामाची फरशी 20 बाय 12 मीटर, जाडी 150 मिलिमीटर. काँक्रीट 36 घनमीटर. डिझाइनमध्ये घनमीटरला 25 किलो असेल तर स्टील 900 किलो. भराव खालीवर असल्याने 5 टक्के काँक्रीट जास्त गेलं, तर फायबरही 945 किलो लागेल. मोजलेल्या 900 मध्येच भागवलं तर डोस पातळ होतो.

शंका असेल तर काँक्रीटच्या गाडीतून 10 लिटर ओलं काँक्रीट घ्या, धुवा, चुंबकाने फायबर वेचा, वाळवून तोला. 250 ग्रॅमच्या आसपास भरायला हवं.