नावच तर बदलायचंय

ॲपमधला नवा चेकआउट चालू-बंद करणाऱ्या फ्लॅगचं `new_checkout` हे नाव आमच्या प्रॉडक्टवाल्या साहेबांना अचानक खुपायला लागलं. तीन वर्षं जुन्या गोष्टीला ‘न्यू’ म्हणणं बरं दिसत नाही म्हणे. नवं नाव ठरलं `checkout_v2`. ॲप सर्व्हरवरच्या ज्या रिमोट कॉन्फिगमधून हे फ्लॅग वाचतं, त्यात मी या नावाची नवी की टाकली, जुनी तशीच ठेवली, दोन्हींना `true` दिलं आणि कोडमधलं नाव बदललं. पुढच्याच शुक्रवारी संध्याकाळी साहेबांनी जुनी की स्वतःच्या हाताने उडवली. ‘कचरा काढला’ असा मेसेज, सोबत झाडूची इमोजी.

“सर, लोकांच्या फोनवरचं जुनं ॲप अजून `new_checkout` च मागतंय.”

“मग त्यांना सांगा ना अपडेट करायला.”

“कोणाला?”

“लोकांना.”

“सर, ते लाखभर आहेत.”

“एक मेल टाका. मला सीसीत ठेवा.”

यावर काय बोलणार? शिवाय त्यांच्याकडे पुरावा होता. “काही मोडलं असतं तर एरर आली नसती का?” नाही ना येत! तीच तर मेख आहे.

```kotlin
remoteConfig.getBoolean("new_checkout")
```

की सर्व्हरवर नाही, ॲपमध्येही डीफॉल्ट दिलेला नाही, तर ही ओळ निमूटपणे `false` देते. ना क्रॅश, ना बोंब. लोकांना फक्त तीन वर्षांपूर्वीचा चेकआउट दिसायला लागतो. तोही एकदम नाही, कारण ॲप साधारण 12 तासांनी नवं कॉन्फिग आणतं. म्हणजे शुक्रवारचं पाप शनिवारी दुपारपर्यंत पिकत राहतं, आणि शनिवारी फोन कोणाला येतो हे सांगायला नको.

डॅशबोर्ड तर साहेबांच्याच बाजूचा. त्याच्या क्वेरीत जुनंच नाव, म्हणून नव्या ॲपचे आकडे आधीच गायब होते. आता जुन्याचेही गेले आणि पॅनेलवर `No data` आलं. “बघा, तक्रार शून्य!” अलार्मही गप्प, कारण डेटा नसला की ‘सगळं ठीक’ समजायचं, असं कुणीतरी लावून ठेवलेलं.

की परत टाकली. मग जुनं नाव कुठे कुठे उरलंय ते शोधायला बसलो. सर्चमध्ये एकही सापडेना, तरी जुनी की नसताना नव्या ॲपमध्येही एक बॅनर गायब झाला होता. शेवटी सापडलं: `"new_" + screen`. नाव तुकड्यांत जोडलेलं, सर्चला दिसणार कसं? हे लिहिणारा महाभाग आता दुसरीकडे आर्किटेक्ट आहे. असो.

आता जुनी की वाचली गेली की ॲपच्या आवृत्तीसकट नोंद होते. ज्या जुन्या आवृत्त्यांत ही नोंदच नाही, त्या किती फोनवर उरल्यात ते वेगळं बघतो. दोन्ही आकडे नगण्य होईपर्यंत की हलणार नाही, आणि ती उडवण्याचा अधिकार साहेबांच्या लॉगिनवरून काढा, असंही मी लिहून दिलं.

सोमवारच्या मीटिंगच्या टिपणात ते शेवटचं वाक्य नाही. ‘फ्लॅगच्या नावांची शिस्त’ असा मुद्दा आहे. जबाबदारी: मी. मार्गदर्शन: साहेब.