रेसिपी व्हिडिओखालचं डिस्क्रिप्शन: प्रमाण लपवण्याचा सल्ला चुकीचा का आहे

«रेसिपीच्या व्हिडिओखाली साहित्य आणि प्रमाण लिहू नका. लोक तेवढं वाचून निघून जातात, व्हिडिओ बघत नाहीत. त्यापेक्षा भरपूर कीवर्ड आणि हॅशटॅग टाका, म्हणजे सर्चमध्ये वर याल. वेळ आणि किती जणांसाठी हे तर कोणी वाचतही नाही.»

साहित्याची यादी वाचून पदार्थ करता येत नाही. बिनअंड्याचा चॉकलेट केक घ्या. यादीत व्हिनेगर दिसेल. पण ते घातल्यावर कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंतच ढवळायचं आणि टिन लगेच गरम ओव्हनमध्ये ठेवायचा, हे बघूनच कळतं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र येताच वायू सुटायला लागतो. मिश्रण तसंच राहिलं तर तो निघून जातो आणि केक बसतो. यादीचं काम वेगळं आहे: आज घरात जे आहे त्यात हे होईल का, ते ती सांगते. कोको नसलेला माणूस यादी नसती तरी अर्ध्यावर व्हिडिओ बंद करणारच होता. ज्याच्याकडे सगळं आहे तो मात्र यादी समोर ठेवून शेवटपर्यंत बघतो, कारण पिठाच्या हातांनी व्हिडिओ मागेपुढे करत प्रमाण शोधणं कोणालाच नको असतं.

कीवर्डच्या ढिगाचा उलटा परिणाम होऊ शकतो. डिस्क्रिप्शनमध्ये टॅगची रास ओतणं यूट्यूबच्या धोरणाविरुद्ध आहे आणि त्यासाठी व्हिडिओ काढला जाऊ शकतो. एका व्हिडिओला ६० पेक्षा जास्त हॅशटॅग दिले तर यूट्यूब ते सगळेच दुर्लक्षित करतं. शोधणारा माणूस जे शब्द टाइप करतो ते नीट लिहिलेल्या यादीत आपोआप येतात: बिनअंड्याचा, मैदा, कोको, व्हिनेगर. व्हिडिओत ओव्हन वापरला असेल तर ‘ओव्हनशिवाय’ हा शब्द मात्र घालू नका. त्या शब्दावरून आलेला माणूस ओव्हन दिसताच निघून जातो. चांगलं डिस्क्रिप्शन लिहिलं म्हणून व्हिडिओ पहिला येईलच असं नाही. शीर्षक, व्हिडिओतला मजकूर आणि लोक तो किती बघतात, हेही सर्चमध्ये धरलं जातं.

सुरुवातीच्या एक-दोन ओळीच लगेच दिसतात, बाकीचं उघडावं लागतं. म्हणून तिथे नमस्कार आणि लिंका नकोत, पदार्थ हवा:

```
बिनअंड्याचा चॉकलेट केक: ९ तुकडे, एकूण वेळ सुमारे १ तास २० मिनिटं
टिन: २० सेंमी चौकोनी. ओव्हन: १८० अंश सेल्सिअस

मैदा – दीड कप (१९० ग्रॅम)
साखर – १ कप (२०० ग्रॅम)
कोको – ३ मोठे चमचे
खायचा सोडा – १ छोटा चमचा
मीठ – अर्धा छोटा चमचा
तेल – १/३ कप (८० मिली)
व्हिनेगर – १ मोठा चमचा
व्हॅनिला इसेन्स – १ छोटा चमचा
पाणी – १ कप (२४० मिली)
(कप २४०, मोठा चमचा १५, छोटा चमचा ५ मिली)

तयारी १५ मिनिटं, बेकिंग ३०–३५, थंड होणं ३०
```

शेवटून दुसरी ओळ गाळू नका. नुसतं ‘१ चमचा सोडा’ लिहिलं आणि वाचणाऱ्याने मोठा चमचा घेतला, तर सोडा तिप्पट पडतो आणि केकला साबणासारखी चव येते. ‘चवीनुसार’ हे भाजीच्या मिठाला चालतं, फुगवणाऱ्या पदार्थांना चालत नाही. मैदा ग्रॅममध्ये लिहायचं कारणही हेच: दाबून भरलेल्या कपात बराच जास्त मैदा बसतो आणि केक घट्ट होतो.

आता वेळ आणि तुकड्यांची संख्या. रात्री आठला पाहुणे यायचे असतील तर ‘३५ मिनिटांत केक’ ही माहिती फसवी ठरते, कारण गरम केक कापला की त्याचा चुरा होतो. म्हणून थंड होण्याचा वेळ वेगळा लिहायचा आणि एकूण वेळेतही धरायचा. ‘४ जणांसाठी’ यापेक्षा टिनचं माप आणि तुकडे जास्त उपयोगी. २० सेंमी टिनचा तळ ४०० चौरस सेंमी, १५ सेंमीचा फक्त २२५. तेच सगळं मिश्रण लहान टिनमध्ये ओतलं तर थर पावणेदोन पटींहून थोडा जाड होतो, आणि मध्य शिजेपर्यंत कडा कोरड्या पडतात. माप लिहिलेलं असेल तर वाचणारा अर्ध्याहून थोडं जास्त मिश्रणच ओततो.

एक दक्षता घ्या. डिस्क्रिप्शनमधलं प्रमाण आणि व्हिडिओत बोललेलं प्रमाण जुळलंच पाहिजे. व्हिडिओत चुकून ‘दोन चमचे’ म्हटलं गेलं असेल तर यादीत त्याच ओळीपुढे लिहा: ‘व्हिडिओत २ म्हटलं आहे, १ घ्या.’ अपलोड झालेल्या व्हिडिओतला आवाज तसाच राहतो, डिस्क्रिप्शन मात्र कधीही दुरुस्त करता येतं.