हिरवी किनार, चादर आणि Similarity ची पट्टी: एका प्रतिक्रियेला उत्तर

> "आपला लेख वाचून मी इतवारीतून हिरवी सिंगल चादर आणली, भिंतीला लावली आणि तिच्यापासून दोन फुटांवर उभा राहून दहावीच्या गणिताचा धडा फोनवर चित्रित केला. खोली दहा बाय बाराची आहे. OBS मध्ये Similarity 400 वर ठेवली तर चादरीच्या सुरकुत्या आणि डोक्याभोवती हिरवी कडा राहते. 480 वर नेली तर कानाची पाळी आणि केस नाहीसे होतात. चादरीवर काम भागते असे लिहून लोकांचा वेळ घालवण्यापेक्षा स्टुडिओचे कापड आणि दिवे विकत घ्या, असे सरळ सांगावे."

नमस्कार सर,

हिरव्या चादरीपुढे चित्रण करावे आणि OBS या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती हिरवी पार्श्वभूमी पुसावी, अशी ती पद्धत. आपण दोन्ही आकडे लिहिलेत, त्यामुळे दोष कोठे आहे हे बरेचसे येथूनच सांगता येते. माझ्या मते तो चादरीच्या कापडात नाही. स्टुडिओचे कापड त्याच भिंतीला लावून आपण त्याच जागी उभे राहिलात, तर आपल्या कानाच्या पाळीचे तेच होईल.

त्याचे कारण Similarity ची पट्टी नेमके काय मोजते यात आहे. OBS चे Chroma Key हे फिल्टर चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा उजेड बाजूला ठेवते आणि फक्त त्याची रंगछटा शुद्ध हिरव्यापासून किती दूर आहे ते पाहते. हे अंतर Similarity पेक्षा कमी असेल तर ठिपका पूर्ण पुसला जातो. त्यापुढे Smoothness या शेजारच्या पट्टीच्या आकड्याइतक्या टप्प्यात तो हळूहळू दिसू लागतो आणि त्याही पलीकडे तो अखंड राहतो. काळा, पांढरा, राखाडी अशा रंगहीन छटा या मापात साधारण 525 वर येतात. आपल्या चादरीचा उजेडातला भाग 0 ते 255 च्या मापात लाल 60, हिरवा 150, निळा 70 असा धरला, तर त्याचे अंतर सुमारे 350 भरते. आता त्याच चादरीची खोल सुरकुती पाहा. तेथे उजेड पोहोचत नाही, ठिपका 15, 37, 17 इतका काळवंडतो आणि त्याचे अंतर 480 होते. कापड हिरवेच असले, तरी अंधारात गेलेला हिरवा हा फिल्टरच्या दृष्टीने जवळजवळ काळाच असतो.

दुसऱ्या बाजूने आपला कान पाहू. नेहमीच्या उजेडात कानाची पाळी 150, 110, 95 अशी असली तर ती 555 च्या आसपास, म्हणजे अगदी सुरक्षित जागी असते. पण दोन फुटांवरच्या चादरीवरून परतणारा हिरवा उजेड तिच्यावर पडला आणि ती 150, 140, 95 झाली, की तेच अंतर 495 वर उतरते. हिरवी झाक आलेले काळे केस 505 वर येतात. म्हणजे सुरकुती 480, कान 495 आणि केस 505. सुरकुती पूर्ण पुसण्यासाठी Similarity 480 वर नेली आणि Smoothness मुळातल्या 80 वर असली, तर कानाचा दहावा हिस्सासुद्धा उरत नाही आणि केस जेमतेम सहाव्या हिश्श्याने दिसतात. आपण पाहिले ते हेच. गणिताच्या शिक्षकांना हे आकडे देताना मला थोडा संकोच वाटतो, कारण ते ढोबळ आहेत. पण पट्टी कोठेही सरकवली तरी 480 आणि 495 यांच्यामध्ये स्वच्छ रेषा ओढता येत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते. म्हणून पट्टीला हात लावण्याआधी सुरकुतीचा आकडा खाली आणि कानाचा आकडा वर न्यावा लागतो, आणि ही दोन्ही कामे खोलीत होतात.

सुरकुतीचे काम तुलनेने सोपे आहे. चादर ओलसर असताना इस्त्री करावी, वरची कड दोरीवर किंवा पडद्याच्या दांडीवर जवळ जवळ लावलेल्या चिमट्यांनी धरावी आणि खालच्या कडेच्या दुमडीत प्लास्टिकचा पाइप किंवा बांबू घालून ती ताणावी. चार फुटी एलईडी ट्यूब दोन घ्याव्यात आणि चादरीच्या दोन्ही बाजूंना उभ्या ठेवाव्यात. त्यांचा उजेड कापडावर तिरका पण दोन्हीकडून सारखा पडला पाहिजे. चादरीमागे खिडकी असेल तर ती जाड पडद्याने झाकावी, कारण पातळ सुती कापडातून येणारे ऊन मध्येच एक फिकट पट्टा उठवते आणि तो पट्टा दर दहा मिनिटांनी जागा बदलतो. आपल्या नागपुरात याला आणखी एक जोड आहे, ती कूलरची. मे महिन्यात कूलर सुरू ठेवून चित्रण केले तर चादर सतत हलते, सुरकुत्या फिरत राहतात आणि एका क्षणाला बसवलेली पट्टी पुढच्या क्षणी चुकते. सकाळी लवकर, कूलर बंद ठेवून, छोट्या छोट्या तुकड्यांत चित्रण करणे हाच त्यावरचा उपाय मला पटतो. नाहीतरी कूलरचा आवाज ध्वनिमुद्रणात नको असतोच.

एवढे केल्यावर चादरीचा सर्वांत अंधारा कोपरा उजळ भागाच्या पाऊणपट जरी उजळला, तरी त्याचे अंतर 390 वर येते. मग Similarity मुळातल्या 400 वरच ठेवता येते. Smoothness चा पट्टा 480 ला संपतो आणि कान हिरवा असला तरी तो त्याच्या बाहेर राहतो. आपली तक्रार येथेच निम्मी मिटावी.

आता कानावरची झाक. ती चादरीच्या पृष्ठभागावरून येते, म्हणून दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात: चादरीपासूनचे अंतर आणि उजेडात असलेल्या हिरव्या कापडाचे क्षेत्रफळ. अंतरासाठी निदान पाच फूट तरी हवेत. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला समांतर उभे राहिल्यास ते अवघड जाते, पण खोलीचा कर्ण साडेपंधरा फुटांहून थोडा अधिक असतो. पाच फूट रुंदीची सिंगल चादर कोपऱ्यात तिरकी टांगली, की ती कोपऱ्यापासून अडीच फूट पुढे येते. तिच्यापुढे पाच फुटांवर आपण आणि आपल्यापुढे सात फुटांवर फोन, असे बारा फूट कर्णावर बसतात आणि फोनच्या स्टँडमागे फूटभर जागा उरते. खांद्यांची रुंदी एक फूट सात इंच धरली, तर फोनच्या दृष्टीने ती चादरीवर सुमारे पावणेतीन फूट व्यापते. म्हणजे दोन्ही बाजूंना फूटभराहून अधिक हिरवे शिल्लक राहते आणि हातवारे त्यात सामावतात. चौकटीत चादरीबाहेरची जी भिंत येईल ती Crop/Pad फिल्टरने छाटून टाकावी. पूर्ण चौकट हिरवी हवी हा समज मला अनेकांमध्ये दिसतो. प्रत्यक्षात आपल्या आकृतीभोवती हिरवे असले की पुरते. त्याच न्यायाने जमिनीवर लोळणारी चादरीची कड दुमडून टाकावी, कारण हनुवटीखालची हिरवी झाक बहुधा तिच्यामुळे येते. चादरीवरचा उजेड चेहऱ्यावरच्या उजेडापेक्षा किंचित कमीच असू द्यावा.

झाक गेली की नाही हे कीइंग, म्हणजे हिरवे पुसण्याचे काम, करण्यापूर्वीच तपासता येते. खांद्यावर पांढरा रुमाल टाकून काही सेकंद चित्रण करावे आणि चित्र मोठे करून पाहावे. रुमालाची कड रुंद, मऊ पट्ट्यात हिरवट दिसली तर तो परतलेला उजेड आहे, म्हणजे अंतर आणखी वाढवायला हवे. रुमाल स्वच्छ असून फक्त एक-दोन ठिपके जाडीची रेघ हिरवी असेल, तर ते वेगळे प्रकरण आहे. फोन चित्रफितीत रंगाची माहिती उजेडाच्या निम्म्या रुंदीने आणि निम्म्या उंचीने साठवतो. त्यामुळे चार शेजारी ठिपक्यांना मिळून एकच रंग असतो आणि कडेवर चादरीचा रंग अंगावर सांडतो. ही रेघ दिव्यांनी जात नाही. फोन उभा धरून 4K मध्ये चित्रण करावे आणि कीइंगपूर्वी आकार निम्मा करावा, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग मिळतो. धड्यात आपण पडद्यावरच्या पाटीच्या कोपऱ्यात लहान दिसणार असल्याने उभी चौकट आपल्याला सोयीचीही पडेल. शटर 1/100 वर ठेवल्यास हात हलताना येणारी हिरवट धूसर कड कमी होते आणि आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर ट्यूबची लुकलुकही येत नाही.

यानंतर जी थोडी हिरवट छटा उरेल तिच्यासाठी OBS मधली Key Color Spill Reduction ही पट्टी फार वर नेऊ नये. ती हिरवा कमी करत नाही, तर हिरव्याच्या जवळच्या छटांचा रंगच काढून त्यांना राखाडी करते. 100 वर ती निरुपद्रवी आहे. 250 वर नेली तर निरोगी त्वचासुद्धा निम्मी राखाडी होते आणि चेहरा आजारी दिसतो. त्यापेक्षा फक्त जास्तीचा हिरवा कापणारी पद्धत बरी. तिच्यात हिरव्याचा आकडा लाल आणि निळ्याच्या सरासरीहून अधिक असेल तरच तो सरासरीवर आणला जातो. आपला झाक आलेला कान 150, 140, 95 होता, त्याचा हिरवा 122 वर येतो. झाक नसलेल्या त्वचेला, उदाहरणार्थ 200, 150, 120 ला, हातही लागत नाही. ffmpeg हे आज्ञा टाइप करून चालवायचे सॉफ्टवेअर हे काम एका ओळीत करते:

```
ffmpeg -i dhada.mp4 -vf "scale=1080:-2,format=yuva444p,chromakey=0x3C9646:0.07:0.04,despill=type=green:mix=0.5:expand=0" -c:v prores_ks -profile:v 4444 -pix_fmt yuva444p10le dhada.mov
```

`0x3C9646` च्या जागी आपल्या चादरीच्या मध्यभागाचा रंग घालावा. त्यापुढचा 0.07 कमी-जास्त करताना 0.01 च्या टप्प्यांनी जावे. तयार झालेली फाइल OBS मध्ये Media Source म्हणून घ्यावी आणि तिच्यावर पुन्हा Chroma Key लावू नये. या पद्धतीला एक मर्यादा आहे: पिवळ्या रंगात हिरवा भरपूर असतो, त्यामुळे हळदी रंगाचा कुर्ता नारिंगी होऊन बाहेर पडतो. चित्रणाच्या दिवशी निळा किंवा मरून घालावा.

आपल्या म्हणण्यातला एक भाग मला मान्य आहे. प्रत्येक हिरवी चादर चालत नाही. चमकदार सॅटिनवर ट्यूबचा पांढरा पट्टा उमटतो आणि तो कोणत्याही पट्टीला दाद देत नाही. बाटलीच्या हिरव्या रंगाची चादर भर उजेडातही सुरकुतीसारखीच वागते. पोपटी रंग त्वचेच्या पिवळेपणाकडे झुकतो. आपली चादर यांपैकी असेल तर ती बदलावी, पण तेव्हाही मॅट पृष्ठभागाची, दाट विणीची सुती चादरच घ्यावी असे मी म्हणेन. चष्म्याच्या काचेत उमटणारे हिरवे प्रतिबिंब मात्र स्टुडिओच्या कापडानेही टळत नाही. त्यासाठी मान थोडी खाली झुकवावी किंवा चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित उचलाव्यात.

एवढे करूनही कडा राहिली, तर कीइंग करण्यापूर्वीची एक चौकट, रुमालासह, मला पाठवावी. कीइंग झालेल्या चित्रावरून झाक आणि रेघ यांतला फरक ओळखता येत नाही.