सर्टिफिकेट आधी भिंतीवर, पगाराचं मग पाहू

अभिनंदन! दुसऱ्या वर्गाच्या बॉयलर अटेंडंटची परीक्षा तुम्ही पास झालात. कालपर्यंत सरकीच्या ऑइल मिलमध्ये हेल्पर म्हणून बॉयलरच्या भट्टीत पऱ्हाटी लोटत होतात, आता तोच बॉयलर सांभाळायला कायद्याने पात्र आहात. पगारवाढ मागायची असेल तर पहिलं काम हे करा: सर्टिफिकेटची मूळ प्रत फ्रेम करून त्याच दिवशी मॅनेजरसाहेबांच्या हवाली करा. झेरॉक्स देऊ नका, झेरॉक्स देणारा माणूस हिशेबी वाटतो.

साहेब खूश होतील. सर्टिफिकेटवाला माणूस असल्याशिवाय बॉयलर चालवता येत नाही आणि इन्स्पेक्टर आले की ते सर्टिफिकेट पाहायला मागतात. सध्या तुमच्या बॉयलर रूममध्ये टांगलेलं सर्टिफिकेट ज्याचं आहे, तो गृहस्थ अकोल्याला राहतो आणि तपासणीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून उगवतो. काच-नळीतली पाण्याची पातळी पाहणं, ब्लो-डाऊन करणं, दर तासाला प्रेशर रजिस्टरात लिहिणं, हे सारं तुम्हीच करता. त्याच्या नुसत्या कागदाचे गिरणी किती देते, हे मात्र दिवाणजींना अजिबात विचारू नका. चहाच्या टपरीवर ते आपणहून सांगतील, तेव्हा विषय बदला.

कारण आकडा कळला की माणूस हिशेब करायला लागतो. धरा, त्या कागदाचे महिन्याला 7,000 जातात आणि तुमचा पगार 13,000 आहे. म्हणजे एका पाळीच्या बॉयलरवर गिरणी आजच 20,000 घालवते. तुम्ही 19,000 मागितले तर गिरणीचेच 1,000 वाचतात. वाढलेल्या 6,000 वर मालकाचा पीएफचा 12 टक्के वाटा, म्हणजे 720 रुपये, धरला तरी 280 उरतात. शिवाय दाराआड चालणारा कागदाचा खेळ बंद होतो. असला हिशेब अर्ध्या पानावर लिहून साहेबांच्या हाती दिला, तर ते तोच कागद नागपूरला शेठजींपुढे ठेवतील, आणि शेठजी हो म्हणायचा धोका उभा राहील. पगार साहेबांच्या हातात नसतो, शेठजींच्या असतो. तेव्हा साहेबांना रिकाम्या हातीच पाठवा.

त्याऐवजी घरच्या अडचणी सांगा. बहिणीचं लग्न, सोयाबीनचा पडलेला भाव, गाडीचा हप्ता. साहेबांच्या घरीही हेच चालू असतं, त्यामुळे दोघांचं मन हलकं होतं आणि पगार होता तिथेच राहतो.

वेळही नीट निवडा. पावसाळ्यात गिरणी बंद असते, बॉयलरची वार्षिक तपासणी तोंडावर असते आणि साहेबांना सर्टिफिकेटवाल्याची खरी गरज असते. तेव्हा गप्प बसा. दिवाळीनंतर सिझन भरात आला, गेटवर सरकीच्या ट्रकांची रांग लागली आणि वजनकाट्यावर भांडण पेटलं, की मग साहेबांना गाठा. ते म्हणतील, "तुले आत्ताच सुचलं का बे? सिझन तर निघू दे!" मान डोलावा.

तरी साहेब प्रेमाने म्हणालेच, "वर्षाला काही व्हाउचरवर देऊन टाकू, पगारात कायले दाखवतं?", तर पाया पडा. व्हाउचरवरचे पैसे पीएफमध्ये धरत नाहीत, ओव्हरटाइममध्ये धरत नाहीत आणि पुढच्या वर्षी कोणाला आठवतही नाहीत. फारच रेटा लावलात तर 500 रुपये "स्पेशल भत्ता" पदरात पडेल. 17,000 च्या खाली उतरायचं नाही, असं घरून ठरवून आला असाल तर ते गेटवरच सोडून या.

पदाचा विषय तर काढूच नका. नेमणूकपत्रावर "बॉयलर अटेंडंट" लिहून मागणं म्हणजे अविश्वास! रजिस्टरात सही मात्र आजपासून तुमचीच करा. उद्या पाण्याची पातळी खाली गेली, नळ्या जळाल्या, तर चौकशीत विचारतील की पाळीवर सर्टिफिकेटवाला कोण होता. तुमचं नाव ठळक दिसेल. पगारपत्रकावर तुम्ही हेल्पर, रजिस्टरात जबाबदार. (आमच्या भागात याला "घरचा माणूस" म्हणतात.) ही सही पद आणि पगार कागदावर येईपर्यंत अडवून धरता येते, हे ध्यानात आलं तरी कोणाला सांगू नका.

काही वर्षांनी तुम्हाला पहिल्या वर्गाच्या परीक्षेला बसावंसं वाटेल. तिथे अटेंडंट म्हणून काम केल्याचा दाखला लागतो. तुम्ही ऑफिसात जाल. साहेब कपाटातून तुमची फाइल काढतील, चष्मा पुसतील आणि म्हणतील, "दाखला देतो न भाऊ, पण आमच्या रेकॉर्डले तू हेल्परच आहेस."