शिक्का सोडून सगळ्याचे फोटो

काल पाथर्डी फाट्याच्या एका फ्लॅटच्या बाथरूमसाठी दुकानातून व्हॉट्सॲपवर फोटो आले. टाइलच्या खोक्यांची थप्पी समोरून, त्यावर छापलेलं चकाचक बाथरूमचं चित्र. टाइलचा एक फोटो, बरोबर मधोमध फ्लॅश मारलेला. नळाचा एक फोटो, तोही प्लास्टिकच्या पिशवीतून न काढता. खाली मेसेज: "ताई, एक नंबर माल आहे, ॲडव्हान्स टाका, उद्या गाडी भरतो." आणि शेड-बॅचचा शिक्का असलेली खोक्यांची बाजू भिंतीकडे. वीसच्या वीस खोक्यांची! एकाचाही शिक्का फोटोत येऊ नये?

ताईंनी शिक्क्याचा फोटो मागितला तर उत्तर काय, "शिक्क्यात काय बघायचं, डिझाईन बघा ना." डोकं फिरतं हे वाक्य ऐकून. मग दोनदा सांगितल्यावर हललेला, धुरकट फोटो आला, आणि तो मोठा करून बघितल्यावर कळलं की तेरा खोक्यांवर एक शेड नंबर आहे आणि सात खोक्यांवर दुसरा. डिझाईन तेच, कंपनी तीच, साईझ तीच, दरही तोच. भिंतीवर लागल्यावर मात्र डोळ्यांत खुपणारा पट्टा दिसला असता आणि तेव्हा हेच शेठ म्हणाले असते, "लाईटमुळे वाटतंय तसं."

खोक्याच्या दर्शनी बाजूचं प्रिंटिंग हजारोंनी आधीच छापून ठेवलेलं असतं. त्यावरून आत काय भरलंय हे कळत नाही. माल भरल्यावर जे मारलं जातं ते अरुंद बाजूला: इंकजेटची ठिपक्याठिपक्यांची ओळ, नाहीतर रबरी शिक्का, नाहीतर स्टिकर. त्यात डिझाईनचा नंबर, ग्रेड, शेड, बॅच, तारीख आणि बऱ्याच ठिकाणी साईझचा कोडही असतो. गुजरातमधल्या मोरबीच्या भट्टीतून एकच डिझाईन आज निघालं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा निघालं तर रंग तंतोतंत तोच येत नाही. ग्लेझचं, म्हणजे टाइलवरच्या काचेसारख्या थराचं, नवं मिश्रण, शाईचा नवा लॉट, भट्टीच्या तापमानातला थोडा फरक, एवढं पुरतं. म्हणून तर कारखान्यात भाजलेल्या टाइल रंगाप्रमाणे निवडून वेगवेगळ्या शेड नंबरखाली भरतात. शेड बदलणं हा कारखान्याचा गुन्हा नाही. कारखान्याने इमानदारीने मारलेला नंबर भिंतीकडे तोंड करून ठेवणं हा गुन्हा आहे.

आणि दोन शेडचे दोन वेगळे फोटो पाठवून "बघा, सेम आहे" म्हणणारे! मोबाईल प्रत्येक फोटोत रंग स्वतःच सावरून घेतो. दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली एक, दारात उन्हाकडे धरून दुसरा, असे फोटो शेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही. दोन्ही लॉटमधली एकेक टाइल खोक्यातून काढा, कडेला कड लावून सावलीतल्या दिवसाच्या उजेडात ठेवा, वर एक पांढरा कागद ठेवा आणि एकाच फोटोत घ्या. कागद पांढरा दिसला तर रंगावर विश्वास ठेवता येतो. पाच मिनिटांचं काम आहे. पण नाही, गाडी भरायची घाई.

त्या बाथरूमचा हिशोबच मांडतो. पाच बाय आठ फूट, डॅडो, म्हणजे भिंतीवर टाइल लावायची उंची, सात फूट. चारही भिंती मिळून २६ फूट, गुणिले सात म्हणजे १८२ चौरस फूट. पाच फुटी भिंतीतला अडीच बाय सातचा दरवाजा वजा केला की १६४.५ उरतात. कटिंग-वेस्टेजचे दहा टक्के धरून १८१. टाइल ३०० बाय ६०० मिलिमीटर, खोक्यात पाच नग, म्हणजे खोक्याला ९.६९ चौरस फूट. १९ खोकी लागतात आणि पुढे कधी पाईप फुटला तर हाताशी असावं म्हणून एक जास्त, अशी वीस. आता तेरा-सात आलेच असतील आणि एका शेडमध्ये वीस मिळतच नसतील, तर मिस्त्रीला खोकी मिसळून लावू देऊ नका. सात खोक्यांत जवळजवळ ६८ चौरस फूट माल आहे. आठ बाय सातच्या एका अख्ख्या भिंतीला ५६ आणि वेस्टेज मिळून ६२ लागतो. ती भिंत पूर्ण त्या शेडची करा, उरलेल्या तीन भिंती तेरा खोक्यांत बसतात. कोपऱ्यात भिंत वळली की उजेडही वेगळा पडतो, तिथे फरक खपून जातो. एकाच सपाट भिंतीत कधीच खपत नाही.

पण त्याआधी टाइलची नेमकी साईझ बघा. दोन लॉटमध्ये टाइलमागे अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी सात ओळी चढेपर्यंत साडेतीन मिलिमीटर होतो आणि कोपऱ्यात दोन भिंतींचे सांधे एकमेकांना भेटत नाहीत. मग मालक मिस्त्रीला शिव्या घालतो. मिस्त्रीची काय चूक? दोन्ही लॉटच्या पाच-पाच टाइल उभ्या रचून शेजारी ठेवल्या तर फरक फोटोतही दिसतो.

ग्लेझच्या फोटोबद्दल तर बोलायलाच नको. समोरून फ्लॅश मारला की मधोमध पांढरा गोळा येतो आणि सगळे दोष त्यात बुडतात. टाइल खिडकीजवळ आडवी ठेवून तिरप्या उजेडात, मोबाईल जवळजवळ टाइलच्या पातळीला आणून फोटो घ्यायचा. चकचकीत टाइल असेल तर ट्यूबलाईटचं प्रतिबिंब पाडा. पांढरी रेघ सरळ आली तर पृष्ठभाग सपाट, थरथरत आली तर ग्लेझ वरखाली बसलंय. बारीक टोचल्यासारखे खड्डे दिसले तर ओल्या फडक्याने पुसून पुन्हा फोटो मागा. धूळ जाते, पिनहोल राहतात. आणि एकाच जागी, एकाच दिशेने जाणारी बारीक रेघ तीन-चार टाइलवर दिसली तर ते डिझाईन नाही, छपाईचं नोझल बंद पडलं होतं. "नॅचरल मार्बलची व्हेन आहे सर" म्हणे! निसर्गाची शीर प्रत्येक टाइलवर त्याच जागी येते का?

उगाच प्रत्येक ठिपक्यावर माल परत करणाऱ्या ग्राहकांचाही राग येतो, तेही सांगून टाकतो. तपासणीची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे: ३०० लक्स उजेड, एक मीटर अंतर, साध्या डोळ्यांनी, आणि १०० पैकी ९५ टाइल निर्दोष हव्यात. झूम करून नाक लावून बघाल तर जगातली कुठलीच टाइल पास होणार नाही.

पाठीमागचा फोटो कोणी पाठवतच नाही, आणि तिथेच तर चोरी पकडता येते. मागे दाबलेलं नाव, उंचवट्यांची जाळी, दिशेचा बाण. आता खोक्यावर एक नाव आणि पाठीवर दुसरं असेल तर लगेच बोंब मारू नका, मोरबीत एका कारखान्याने दुसऱ्यासाठी माल काढणं रोजचं आहे. पण एकाच खोक्यातल्या पाच टाइलच्या पाठीवर दोन वेगळ्या जाळ्या असतील, किंवा दोघींचा रंग लाल आणि तिघींचा पांढुरका असेल, तर ते खोकं पुन्हा भरलेलं आहे. टेपवर टेप दिसेल, शिक्क्यावर स्टिकर दिसेल. सेकंडचा माल प्रीमियमच्या खोक्यात घालायची ही जुनी रीत आहे. आयएसआयचं चिन्ह आहे म्हणून सांगतील, तर चिन्हाच्या वर आयएस १५६२२ आणि खाली सीएम/एल हा लायसन्सचा नंबर वाचता येईल असा फोटो मागा आणि तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून नाव जुळतंय का बघा. नुसतं चिन्ह कोणीही छापतं.

आता तो पिशवीतला नळ. पिशवीतून क्रोम काय दिसणार, कपाळ? क्रोमचा थर मायक्रोनच्या भागात मोजायचा, त्याखाली निकेल, त्याखाली पितळ. चमक दिसते ती खरी खालच्या घासकामाची आणि निकेलची. म्हणून नळासमोर दरवाज्याची चौकट किंवा सरळ पट्टी येईल असं धरून फोटो घ्या. प्रतिबिंबातली रेघ लाटेसारखी वळली तर बफिंग कच्चं आहे. दुसरा फोटो तोटीच्या खालून, जिथे तोटी बॉडीला मिळते त्या खोबणीचा. प्लेटिंगच्या टाकीत खोबणीत करंट कमी पोचतो, त्यामुळे क्रोम तिथेच आधी कमी पडतं. शेजारी पांढरा कागद ठेवून तिथे पिवळसर झाक दिसली तर निकेल उघडं आहे. बाकी नळ निळसर चमकत असला तरी डाग तिथूनच सुरू होणार.

तिसरा फोटो मागच्या आट्यांचा, आतून. पितळ पिवळं दिसतं, झिंकचं ओतकाम करडं. आतही प्लेटिंग चढलं असेल तर नळ वजनकाट्यावर ठेवून आकड्यासकट फोटो मागा आणि कंपनीने त्याच मॉडेलचं वजन दिलं असेल तर त्याच्याशी ताडा. नाव बॉडीवर कोरलेलं हवं. निघून येणाऱ्या गोल स्टिकरवरचं नाव म्हणजे काहीच नाही, ती स्टिकरं वेगळी मिळतात.

आणि एवढं करून चांगला नळ आणला की ग्राउटिंगनंतर फरशी पुसायला मिस्त्री ॲसिड मारणार! हायड्रोक्लोरिक ॲसिड क्रोम खातं. थेंब पडायचीही गरज नाही, बंद बाथरूममध्ये वाफच पुरते. दोन दिवसांत नळावर काळपट ढग येतात, दुकानदार म्हणतो "ॲसिडचा डाग, वॉरंटी नाही", आणि तिथे तो खरं बोलत असतो. ॲसिडचं काम पूर्ण होऊन बाथरूम भरपूर पाण्याने धुवून, दार-खिडकी उघडी ठेवून वाळल्याशिवाय सीपी, म्हणजे क्रोम चढवलेलं, फिटिंग लावूच नका. तोवर पाईपांच्या तोंडाला प्लग ठेवा. लावण्याआधी प्रत्येक नळाचा बिलासोबत फोटो काढा, खोबणीचा आणि आट्यांचाही.

पाथर्डी फाट्याच्या ताईंनी ॲडव्हान्स थांबवला आहे. दुकानाला एवढंच लिहिलंय: वीसही खोकी शिक्क्याची बाजू पुढे करून रचा, शेड नंबर वाचता येईल असा फोटो पाठवा, आणि तोच शेड नंबर बिलावर लिहून द्या. अजून उत्तर नाही.