‘रडेल, मग रमेल’ हे गणित कुठे चुकतं

“गर्दीला घाबरणाऱ्या मुलाचा वाढदिवस मुद्दाम दणक्यात करा. सवय लागल्याशिवाय भीती जायची नाही. सुरुवातीला रडेल, मग रमेल. दोन मुलं बोलावून उरकणं म्हणजे नुसते लाड.”

या सल्ल्यातलं सवयीचं आधी. सवय लागते, पण थोडी थोडी, आणि नको झालं तर उठून जाता येत असेल तेव्हाच. स्वतःच्या वाढदिवसाला नेमकं तेच जमत नाही. सगळ्यांचे डोळे आपल्यावर, टाळ्या कधी कडाडतील याचा नेम नाही, आणि उत्सवमूर्तीने पळायचं कुठे? सराव करायचाच तर दुसऱ्याच्या वाढदिवसाला करावा: सगळ्यांच्या आधी पोचायचं आणि गर्दी वाढायच्या आत निघायचं.

‘रमेल’ला तर मीही फसले आहे. लेकीच्या चौथ्या वाढदिवसाच्या फोटोंत ती खिदळत टेबलाभोवती धावतेय. आम्ही खूश. पण तिचे कान लालबुंद झाले होते आणि हाक मारली तरी ती वळत नव्हती, हे नंतर फोटो पाहताना आठवलं. रात्री मोजा काढताना जी किंचाळायला लागली ती पाऊण तास. मागेल ते देऊनही थांबेना. हट्ट असता तर वस्तू हातात पडल्यावर बहुधा शमला असता. हा दिवसभर साठलेला ताण होता, घरी येऊन फुटलेला.

आता लाड. पाचव्या वर्षी तिने निवडलेल्या दोन मैत्रिणी आल्या, चार ते साडेपाच. संपायची वेळ निमंत्रणातच लिहिली होती. फुगे नव्हते, फुटण्यापेक्षा ‘आता फुटेल’ या धास्तीनेच ती अर्धी होते. काय काय होणार याची चार चित्रं काढून भिंतीवर लावली: मैत्रिणी येतात, मातीकाम, केक, टाटा. केकची रंगीत तालीम आदल्या दिवशी रिकाम्या ताटलीवर झाली. दिवे चालूच ठेवायचे, आणि गाणं हळू म्हणायचं, नुसते हात हलवायचे की काहीच नको, हे तिने ठरवायचं. तिने हात हलवणं निवडलं. आतल्या खोलीत गादी आणि कानावरचे हेडफोन ठेवले होते. ती तिथे गेली तर कुणी बोलवायला जायचं नाही, हे आजीलाही बजावलं होतं.

तरी घोळ झालाच. दारावरची बेल बंद करायला मी विसरले आणि केक कापतानाच ती वाजली. कानांवर हात दाबून ती आत गेली. आजीचा जीव वरखाली, मैत्रिणी केक खात बसलेल्या. दहा मिनिटांनी पोरगी आपणहून बाहेर आली आणि मातीच्या गोगलगायीला शिंगं लावायला बसली. आदल्या वर्षी तिला आत जाताच आलं नव्हतं, मग परत येणार कुठून?

नातेवाईक रुसतील म्हणाल, तर ते पुढच्या आठवड्यात एकेक करून आले. भेटवस्तू तिने त्यांच्यादेखत उघडल्या नाहीत, एवढंच.